स्लॅकवरचा रजेचा अर्ज वारंवार मधेच का अडकतो: कारण शोधणे आणि दुरुस्ती

तक्रार बहुतेक वेळा याच शब्दांत येते: "मी फॉर्म भरला होता, पण मंजुरी आलीच नाही." टीम प्रमुख म्हणतात, माझ्याकडे काही आलंच नाही. एचआरच्या शीटमध्ये एकतर नोंद नसते, किंवा असते ती "प्रलंबित" अशीच पडलेली असते. मग कुणीतरी जुन्या सवयीने थेट मेसेज करून "उद्या येत नाहीये, चालेल ना?" असं विचारतो, समोरून अंगठा येतो आणि काम भागतं. ज्या विखुरलेल्या मेसेजमधून सुटायला फॉर्म बनवला, तेच मेसेज परत सुरू होतात. दर दोन-तीन आठवड्यांनी हे घडत असेल, तर दोष माणसांच्या विसरभोळेपणात कमी आणि वर्कफ्लोच्या रचनेत जास्त असतो. ती रचना कुठे चुकते हे शोधायची पद्धत आणि तिची दुरुस्ती, दोन्ही इथे लिहितो आहे.

गृहीत धरलेली मांडणी अशी. कंपनी पंधरा-वीस जणांची आहे. स्लॅकचा पैसे भरून घेतलेला प्लॅन आहे, कारण मोफत प्लॅनमध्ये वर्कफ्लो बिल्डर मिळत नाही. लिंकवर टिचकी मारली की फॉर्म उघडतो, त्यात तारखा आणि रजेचा प्रकार भरायचा, मग प्रमुखाला बटण असलेला मेसेज जातो, प्रमुखाने बटण दाबलं की अर्जदाराला कळतं आणि गूगल शीटमध्ये ओळ पडते. बहुतेक कंपन्यांत पहिल्या दिवशी बनवलेला वर्कफ्लो असाच असतो. चाचणीत तो उत्तम चालतो, कारण चाचणीत बटण दाबणारा माणूस शेजारीच बसलेला असतो.

आधी पाहा, धाव कुठे थांबली

काहीही बदलण्याआधी वर्कफ्लो बिल्डरमध्ये तो वर्कफ्लो उघडा आणि `Activity` हा टॅब पाहा. फॉर्म भरल्यावर वर्कफ्लोची प्रत्येक वेळी एक स्वतंत्र धाव सुरू होते आणि तिची नोंद इथे राहते. ज्या अर्जाची तक्रार आहे त्याच्या वेळेजवळची धाव शोधा.

इथे चारपैकी एक चित्र दिसेल. धाव अजून सुरूच असेल, म्हणजे ती कुणीतरी बटण दाबण्याची वाट पाहते आहे. धाव त्रुटी दाखवून बंद पडली असेल, तर बहुधा शीटची पायरी अडली आहे. धाव व्यवस्थित पूर्ण झालेली असेल आणि तरी शीटमध्ये "प्रलंबित" दिसत असेल, तर निर्णय चुकीच्या ओळीत लिहिला गेला आहे. आणि धावच सापडत नसेल, तर अर्जदाराने भरलेला फॉर्म या वर्कफ्लोचा नव्हताच.

हे पाहण्यात दोन मिनिटं जातात, पण बहुतेक ठिकाणी ते कुणी करत नाही. त्याऐवजी फॉर्म नव्याने बनवला जातो आणि अडचण तशीच पुढे चालू राहते. चारही कारणांची दुरुस्ती वेगवेगळी आहे, म्हणून ही पायरी गाळू नका. त्यासाठी वर्कफ्लोचे व्यवस्थापक म्हणून किमान दोन माणसं जोडलेली हवीत. बनवणारा एकटाच आत पाहू शकत असेल आणि तोच रजेवर असेल, तर तपासच थांबतो.

धाव बटणापाशी थांबलेली असेल तर

सर्वांत जास्त अर्ज इथेच अडकतात. वर्कफ्लोच्या पायऱ्या एकामागून एक चालतात. मेसेजमधल्या बटणावर पुढची वाट ठेवली असेल, तर बटण दाबलं जाईपर्यंत त्यापुढचं काहीही घडत नाही. बटण स्वतःहून कुणाला आठवण करत नाही आणि "दोन दिवसांत उत्तर नाही आलं तर एचआरला कळवा" असंही काही करत नाही. वर्कफ्लो शांतपणे थांबून राहतो. स्लॅकच्या दृष्टीने ती त्रुटी नाही, म्हणून कुणाला इशाराही जात नाही.

आता वरची मांडणी पुन्हा पाहा. शीटमध्ये ओळ टाकण्याची पायरी बटणाच्या नंतर आहे. म्हणजे प्रमुखाने बटण दाबलं नाही, तर तो अर्ज शीटमध्ये कुठेच नाही. फक्त निकाली निघालेले अर्जच शीटमध्ये दिसतात, आणि अडकलेले अर्ज, ज्यांच्यासाठी शीट उघडायची, नेमके तेच गायब असतात. एचआरला वाटतं सगळं सुरळीत आहे.

म्हणून पहिली आणि सर्वांत महत्त्वाची दुरुस्ती: ओळ टाकण्याची पायरी बटणाच्या आधी आणा. फॉर्म भरला गेला की लगेच शीटमध्ये ओळ पडली पाहिजे, आणि "स्थिती" या रकान्यात "प्रलंबित" हा शब्द ठरलेल्या मजकुरासारखा लिहिला गेला पाहिजे. त्यानंतर अर्जदाराला पोच द्या: "तुमचा अर्ज नोंदला गेला, निर्णय बाकी आहे." ही पोचही बटणाच्या आधीच हवी. पोच नसेल तर माणूस अस्वस्थ होतो आणि दुसऱ्यांदा फॉर्म भरतो. त्यातून आणखी एक घोटाळा होतो, त्याकडे पुढे येतोच. बटणानंतर नवीन ओळ टाकायची नाही. आधीचीच ओळ शोधून तिच्यातली स्थिती बदलायची.

या एका बदलाने बटण दाबलं जाईल असं नाही. पण न दाबलेलं बटण आता दिसतं, आणि जे दिसतं त्याच्यामागे लागता येतं.

बटण दाबणार कोण

दुसरा प्रश्न बटणाच्या मेसेजच्या पत्त्याचा. तो तीन प्रकारे ठरवता येतो आणि तिन्हींच्या खोडी वेगळ्या आहेत.

एका ठरलेल्या व्यक्तीला थेट मेसेज पाठवला, तर ती व्यक्ती रजेवर असली की सगळे अर्ज तिच्यासाठी थांबतात. शिवाय वर्कफ्लोकडून आलेला थेट मेसेज सहकाऱ्यांच्या संभाषणांत मिसळत नाही, तो अ‍ॅपच्या मेसेजसारखा वेगळा बसतो. ज्यांनी बाजूची यादी आखडून ठेवली आहे त्यांच्या नजरेतून तो सहज सुटतो. "माझ्याकडे काही आलंच नाही" असं म्हणणारा प्रमुख खोटं बोलत नसतो.

फॉर्ममध्येच "तुमचे प्रमुख निवडा" असा व्यक्ती निवडण्याचा प्रश्न ठेवला, तर तो लवचीक वाटतो. पण तिथे कंपनीतल्या कुणाचंही नाव निवडता येतं. मिळत्याजुळत्या नावाचा चुकीचा सहकारी निवडला जातो, जुन्या टीमचा प्रमुख निवडला जातो, आणि स्वतःचं नावही निवडता येतं. अर्ज चुकीच्या माणसाकडे गेला, की तो माणूस "हे माझ्यासाठी नाही" म्हणून सोडून देतो. धाव तिथेच थांबते.

पंधरा-वीस जणांच्या कंपनीसाठी मला तिसरा मार्ग योग्य वाटतो: मंजुरी देणाऱ्यांचा एक खाजगी चॅनेल. त्यात टीम प्रमुख आणि एचआर, एवढेच लोक. प्रत्येक अर्जाचा मेसेज या चॅनेलवर येतो. मेसेजमध्ये अर्जदाराचं नाव, टीम आणि तारखा अगदी वर लिहा, म्हणजे कुणी बटण दाबायचं हे वाचता वाचता कळतं. एक प्रमुख नसेल तर दुसरा किंवा एचआर निर्णय नोंदवू शकतात.

याची एक मर्यादा आधीच माहीत असू द्या: चॅनेलवरच्या मेसेजमधलं बटण त्या चॅनेलमधला कुणीही दाबू शकतो. म्हणूनच हा मेसेज सगळ्यांच्या सार्वजनिक चॅनेलवर कधीही टाकू नका. तिथे अर्जदार स्वतःच आपला अर्ज मंजूर करू शकेल. आजारपणाची माहिती सगळ्यांसमोर जाईल, ते वेगळंच. रजेचं कारण हा प्रश्न ऐच्छिक ठेवा आणि त्याचं उत्तर चॅनेलवरच्या मेसेजमध्ये घालू नका. मंजुरीसाठी तारखा, प्रकार आणि काम कोण सांभाळणार एवढं पुरतं.

एकच बटण आणि त्यामागे छोटा फॉर्म

"मंजूर" असं एकच बटण ठेवलेले वर्कफ्लो मी बरेच पाहिले आहेत. त्यात नामंजुरीला जागाच नसते. प्रमुखाला रजा द्यायची नसेल किंवा तारखा बदलून हव्या असतील, तर तो बटण दाबत नाही आणि अर्जदाराशी थेट बोलतो. बोलणं होतं, तोडगा निघतो, पण धाव कायमची अडकून राहते आणि शीटमध्ये अर्ज प्रलंबितच दिसतो.

त्याऐवजी बटणाचं नाव "निर्णय नोंदवा" ठेवा आणि त्यानंतरच्या पायरीत आणखी एक फॉर्म ठेवा. तो फॉर्म बटण दाबणाऱ्यासमोर उघडतो. त्यात दोनच प्रश्न पुरेत: निर्णय (मंजूर, नामंजूर, तारखा बदलून पुन्हा अर्ज करा) आणि एक ऐच्छिक शेरा. निर्णय यादीतून निवडायला लावा, लिहायला लावू नका. नाहीतर "ओके", "ठीक", "मंजूर आहे" अशी दहा रूपं शीटमध्ये जमा होतील आणि गाळणी लावता येणार नाही.

त्या फॉर्ममधलं उत्तर तीन ठिकाणी वापरा: शीटच्या ओळीतली स्थिती बदलायला, अर्जदाराला कळवायला, आणि मंजुरीच्या चॅनेलवर त्याच मेसेजखालच्या थ्रेडमध्ये उत्तर द्यायला. थ्रेडमधलं उत्तर बाकीच्या प्रमुखांसाठी आहे, म्हणजे निकाली निघालेला अर्ज पुन्हा कुणी उघडत बसत नाही.

चाचणी करताना एक गोष्ट मुद्दाम करून पाहा. बटण दाबा, फॉर्म उघडू द्या आणि न भरताच बंद करा. मग मेसेज कसा दिसतो आणि पुन्हा फॉर्म उघडता येतो का, हे सगळ्या प्रमुखांना तिथल्या तिथे दाखवा. घाईत फॉर्म बंद करणारे प्रमुख असतातच, आणि "मी तर बटण दाबलं होतं" ही तक्रार त्यातूनच येते.

मंजुरी मिळाली, पण शीट नाही म्हणते

हा प्रकार सर्वांत फसवा, कारण कुठेही त्रुटी दिसत नाही. एक प्रसंग नीट पाहू.

एक सहकारी सोमवारी 12 ते 14 तारखेची रजा मागते. शीटमध्ये ओळ पडते, प्रलंबित. दुपारी तिच्या लक्षात येतं की 15 तारीखही हवी आहे. ती पुन्हा फॉर्म भरते, आता 12 ते 15. शीटमध्ये दुसरी ओळ पडते, तीही प्रलंबित. प्रमुख मंजुरीच्या चॅनेलवर दोन मेसेज पाहतो, थ्रेडमध्ये विचारून खात्री करतो आणि दुसऱ्या मेसेजवर निर्णय नोंदवतो: मंजूर. सहकाऱ्याला मेसेज जातो, "12 ते 15 मंजूर". महिनाअखेरीस एचआर शीट उघडते तर 12 ते 14 ची ओळ "मंजूर" आहे आणि 12 ते 15 ची ओळ "प्रलंबित". चार दिवसांची रजा झाली, हिशेबात तीनच दिवस आले.

कारण असं की स्थिती बदलण्याच्या पायरीला ओळ शोधायची असते, आणि शोधायचा रकाना म्हणून ईमेल दिला होता. त्या ईमेलच्या दोन ओळी होत्या, त्यांपैकी वरची सापडली. वर्कफ्लोने सांगितलं तेवढं केलं.

सुरुवातीची तारीख जोडून शोधलं तरी या प्रसंगात उपयोग नाही, कारण दोन्ही अर्ज 12 तारखेपासूनच आहेत. ओळीची ओळख प्रत्येक धावेसाठी वेगळी हवी. त्यासाठी शीटच्या पहिल्या रकान्याला "ओळख" नाव द्या आणि ओळ टाकताना त्यात दोन गोष्टी एकापुढे एक घाला: वर्कफ्लो चालवणाऱ्याचा ईमेल आणि धाव सुरू झाल्याची वेळ. दोन्ही गोष्टी वर्कफ्लोमध्येच उपलब्ध असतात, फॉर्ममध्ये विचाराव्या लागत नाहीत. बटणानंतरच्या पायरीत "ओळख" या रकान्यात शोधायला सांगा आणि शोधायचा मजकूर म्हणून त्याच दोन गोष्टी, त्याच क्रमाने, मधलं अंतरसुद्धा तेवढंच ठेवून द्या. एका पायरीत दोघांच्या मध्ये रेघ आणि दुसरीत मोकळी जागा असेल, तर ओळ सापडणारच नाही.

ईमेल पुढे ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. नुसती वेळ किंवा नुसता आकडा दिला, तर शीट त्याला तारीख किंवा संख्या समजून स्वतःच्या पद्धतीने दाखवू शकते, आणि मग शोधताना अक्षरं जुळत नाहीत. पुढे ईमेल असला की तो साधा मजकूरच राहतो.

जुन्या ओळी आधी हाताने तपासून घ्या. एकाच व्यक्तीच्या एकमेकींवर येणाऱ्या तारखा शोधल्या, की असे किती अर्ज उलटे नोंदले गेले ते लगेच कळतं. त्या व्यक्तीला स्लॅकवर गेलेला निर्णयाचा मेसेज खरा धरून शीट दुरुस्त करा, कारण रजा तिने त्यावरच घेतली आहे.

बाकी अर्जांची रोजची आठवण

बटण आठवण करत नाही, म्हणून आठवण करणारा दुसरा वर्कफ्लो लागतो. तो पहिल्याशी जोडलेला नसतो. वेळापत्रकावर चालणारा साधा वर्कफ्लो बनवा, कामाच्या दिवशी सकाळी, मंजुरीच्या चॅनेलवर एक मेसेज: "बाकी अर्ज इथे पाहा", आणि खाली शीटमधल्या "बाकी" या टॅबची लिंक.

मूळ नोंदी ज्या टॅबमध्ये पडतात त्याला "नोंद" म्हणू. रकाने असे: A ओळख, B अर्जदाराचा ईमेल, C पासून, D पर्यंत, E प्रकार, F स्थिती, G निर्णय देणाऱ्याचा ईमेल, H शेरा. मग "बाकी" या वेगळ्या टॅबच्या पहिल्या चौकटीत हे सूत्र टाका:

```
=IFERROR(FILTER('नोंद'!A2:E, 'नोंद'!F2:F="प्रलंबित"), "काही बाकी नाही")
```

शीटची प्रादेशिक मांडणी वेगळी असेल तर स्वल्पविरामाच्या जागी अर्धविराम लागतो. सूत्र त्रुटी दाखवत असेल तर आधी तेच बदलून पाहा.

सूत्रं "नोंद" टॅबमध्ये लिहू नका, हे मी आग्रहाने सांगेन. शेजारच्या रकान्यात हजार ओळींपर्यंत सूत्र ओढून ठेवलं, तर शीट त्या ओळी भरलेल्या समजते आणि नवा अर्ज त्या सगळ्यांच्या खाली जाऊन पडतो. मग "ओळ पडलीच नाही" अशी तक्रार येते, आणि ती ओळ खूप खाली सापडते. "नोंद" टॅबमध्ये फक्त वर्कफ्लोने लिहावं, माणसांनी बाकीच्या टॅबमधून पाहावं.

धाव त्रुटी दाखवून बंद पडली असेल तर

इथे जवळजवळ नेहमी शीटशी असलेली जोडणी तुटलेली असते. वर्कफ्लो बनवताना कुणीतरी आपलं गूगल खातं जोडलेलं असतं, आणि शीटच्या पायऱ्या त्या खात्याच्या परवानगीने चालतात. ती व्यक्ती कंपनी सोडून गेली आणि तिचं खातं बंद झालं, किंवा त्या शीटवरचा तिचा संपादनाचा हक्क काढला गेला, की ओळ टाकण्याची पायरी अडते. ओळखायची खूण म्हणजे एका ठरावीक दिवसानंतरच्या सगळ्याच धावा एकाच पायरीवर अडलेल्या दिसतात. जोडणी अशा खात्यावर न्या जे कुणा एकाच्या नोकरीवर अवलंबून नाही, आणि अडलेले अर्ज `Activity` मधून पाहून हाताने शीटमध्ये घाला. स्लॅकमधून फॉर्मची उत्तरं सीएसव्ही फाइलमध्ये उतरवून घेता येतात, त्यामुळे माहिती हरवलेली नसते.

दुसरं नेहमीचं कारण म्हणजे रकान्याच्या शीर्षकातला बदल. एचआरने "पासून" चं "सुरुवात" केलं, किंवा मध्ये एक नवा रकाना घातला, की वर्कफ्लोने जुळवलेले रकाने चुकतात. शीर्षकांची ओळ संरक्षित करून ठेवा. बदल खरंच हवा असेल तर शीट आणि वर्कफ्लोच्या दोन्ही पायऱ्या एकाच बैठकीत बदला, बदल प्रकाशित करा आणि लगेच एक खोटा अर्ज भरून पाहा. बदल जतन केला पण प्रकाशित केला नाही, तर लोक जुनीच आवृत्ती वापरत राहतात.

धावच सापडत नसेल तर

अर्जदाराला विचारा की फॉर्म कुठून उघडला. बहुधा उत्तर येईल, "मी लिंक जपून ठेवली होती." वर्कफ्लोची नक्कल करून सुधारलेला वर्कफ्लो बनवला, की नव्याला वेगळी लिंक मिळते. जुन्या चॅनेलमध्ये पिन केलेली, कुणाच्या टिपणांत ठेवलेली जुनी लिंक जुन्याच वर्कफ्लोला चालवत राहते, आणि तो जुन्या शीटमध्ये लिहीत राहतो. म्हणून सुधारणा शक्यतो मूळ वर्कफ्लोमध्येच करा. नवा बनवावाच लागला तर जुना बंद करा. जुनी लिंक चालली नाही म्हणून लोक विचारायला येतील, आणि ते हवंच आहे.

थेट मेसेजवर आलेला "ओके"

रचना दुरुस्त झाल्यावरही काही जण थेट मेसेज करत राहतात. त्यातल्या एका गटाचं कारण रास्त असतं: पहाटे ताप आलेला माणूस फॉर्म शोधत बसणार नाही. त्याने प्रमुखाला एक ओळ लिहावी, एवढंच त्याच्याकडून अपेक्षित आहे. फॉर्म त्याच्या वतीने प्रमुख भरू शकला पाहिजे.

त्यासाठी फॉर्मच्या सुरुवातीला "रजा कुणाची" असा व्यक्ती निवडण्याचा प्रश्न घाला. पण तो घातला की वर्कफ्लोमधल्या बाकीच्या जागाही बदलाव्या लागतात. पोच आणि निर्णयाचे मेसेज "वर्कफ्लो चालवणाऱ्याला" जात असतील, तर ते आता प्रमुखाला जातील आणि आजारी माणसाला काही कळणार नाही. ते "रजा कुणाची" या उत्तरातल्या व्यक्तीकडे वळवा. शीटमधल्या B रकान्यातही त्याच व्यक्तीचा ईमेल घाला. "ओळख" मात्र फॉर्म भरणाऱ्याच्या ईमेलवरच राहू द्या. तिचं काम ओळ शोधण्याचं आहे, रजा मोजण्याचं नाही.

दुसरा गट आधी मिळालेली रजा बदलू किंवा रद्द करू पाहणाऱ्यांचा. पूर्ण झालेली धाव परत उघडत नाही, म्हणून त्यांना फॉर्ममध्ये जागाच सापडत नाही. "प्रकार" या प्रश्नाच्या यादीत "आधीच्या रजेत बदल" आणि "आधीची रजा रद्द" असे दोन पर्याय घाला. तो नवा अर्ज म्हणूनच नोंदला जाईल, मंजूर होईल, आणि एचआर मूळ ओळीवर "रद्द" लिहील. बिघाडाची दुरुस्ती सोडली, तर "नोंद" टॅबला माणसाचा हात लागू द्यायचा हा एकच अपवाद. ओळ पुसायची मात्र नाही.

उरलेल्यांसाठी प्रमुखांचं वागणं महत्त्वाचं ठरतं. थेट मेसेजवर "ओके" लिहिण्याऐवजी फॉर्मची लिंक पाठवायची आणि "यात भर, लगेच पाहतो" असं म्हणायचं. प्रमुखाने एकदा जरी अंगठा दाखवून रजा दिली, तरी त्या टीममध्ये फॉर्म ऐच्छिक आहे असा अर्थ निघतो.

स्वतःचा अर्ज स्वतःच मंजूर

मंजुरीच्या चॅनेलमध्ये प्रमुख असतात आणि त्यांनाही रजा लागते. त्यांच्या अर्जाचं बटण त्यांनाही दिसतं. घाईत, कुठलाही वाईट हेतू नसताना, ते दाबलं जातं. या मांडणीत ते आधीच रोखता येत नाही, पण लपूनही राहत नाही. बटण कुणी दाबलं हे वर्कफ्लोला माहीत असतं. त्या व्यक्तीचा ईमेल G रकान्यात लिहा, B मध्ये अर्जदाराचा ईमेल आहेच. दोन्हीकडे ईमेलच हवा. एकीकडे नाव आणि दुसरीकडे ईमेल असेल तर ते कधीच जुळणार नाहीत. मग "तपासणी" नावाच्या टॅबमध्ये:

```
=IFERROR(FILTER('नोंद'!A2:G, 'नोंद'!B2:B='नोंद'!G2:G, 'नोंद'!G2:G<>""), "काही नाही")
```

या टॅबमध्ये ओळ दिसली की एचआरने त्या प्रमुखाशी बोलून तो निर्णय दुसऱ्या कुणाकडून पुन्हा नोंदवून घ्यावा. महिन्यातून एकदा, रजांचा हिशेब बंद करण्याच्या आदल्या दिवशी हा टॅब उघडला तरी पुरतं.